ई-मेल पुढे का गेला नाही?

३ ऑक्टोबर २०१७ रोजी अमेरिकी काँग्रेसच्या एका उपसमितीपुढे रिचर्ड स्मिथ साक्षीला बसले. काही दिवसांपूर्वीच ते इक्विफॅक्स कंपनीच्या मुख्याधिकारीपदावरून पायउतार झाले होते. भारतात सिबिल जे काम करते, तेच इक्विफॅक्स अमेरिकेत करते. कर्ज कुणी घेतलं, कुणी फेडलं, कुणाचे हप्ते थकले याची नोंद ही कंपनी ठेवते. भारतातल्या चार क्रेडिट माहिती कंपन्यांपैकी एक इक्विफॅक्सचीच आहे. २०१७च्या उन्हाळ्यात तिच्या अमेरिकेतल्या यंत्रणेतून जवळपास १४ कोटी ८० लाख लोकांची माहिती चोरीला गेली. त्यात नावं, जन्मतारखा, पत्ते आणि अमेरिकेत ज्याच्यावर सगळा आर्थिक व्यवहार चालतो तो सोशल सिक्युरिटी क्रमांक होता.

हे कसं घडलं, असं समितीने विचारलं. स्मिथ यांनी दोन कारणं दिली. सॉफ्टवेअरमधली त्रुटी बुजवणारा पॅच लावायला हवा, हा निरोप ज्याने पोचवायचा त्याने तो पोचवला नाही. आणि त्रुटी शोधणाऱ्या स्कॅनरला ती सापडली नाही. साक्षीच्या आदल्या दिवशी कंपनीने एका वरिष्ठ अधिकाऱ्याला कामावरून काढलं होतं. मार्चमध्ये आलेला एक ई-मेल त्याने पुढे पाठवला नाही, एवढं कारण त्याला सांगण्यात आलं.

समजा, कंपनीने घटनेनंतर आढावा बैठक घेतली आणि तिच्या इतिवृत्तात, म्हणजे ऑफिसच्या भाषेत मिनिट्समध्ये, कारण म्हणून एवढंच वाक्य लिहिलं : ‘संबंधित अधिकाऱ्याने ई-मेल पुढे पाठवला नाही.’ वाक्य कदाचित खरंही असेल, पण ते वाचल्यावर पुढे विचारायला काही उरत नाही. दोषी सापडला, घरी गेला, फाइल बंद झाली. पुढचा ई-मेल मात्र त्याच यादीला जाणार, तोच स्कॅनर तसाच चालणार आणि गेलेल्या माणसाच्या खुर्चीवर दुसरा कुणी बसणार. अशा बैठकीचं इतिवृत्त कुणालाही दोष न देता लिहावं असं या क्षेत्रातले अनुभवी लोक सांगतात, ते सौजन्यापोटी नाही. दोष देणारं वाक्य चौकशी अर्ध्यावर थांबवतं, हे त्यांनी पाहिलेलं असतं.

विमान वाहतुकीत हे फार आधी मान्य झालं. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या तेराव्या परिशिष्टात अपघाताच्या तपासाचा एकमेव उद्देश ‘पुढचा अपघात टाळणं’ असा दिला आहे. दोष वा जबाबदारी कुणावर ठेवायची, हे त्या तपासाचं काम नाही. संगणक क्षेत्रात हा विचार रुळवण्यात एट्सी कंपनीतल्या जॉन ऑलस्पॉ यांच्या २०१२मधल्या लिखाणाचा मोठा वाटा आहे. इक्विफॅक्सचं प्रकरण त्यासाठी उपयोगी पडतं, कारण त्याचे तपशील अमेरिकी सरकारचं लेखापरीक्षण कार्यालय, प्रतिनिधिगृहाची समिती आणि सिनेटची उपसमिती यांच्या अहवालांत उघड झाले आहेत. त्या तपशिलांवरून असं इतिवृत्त कसं लिहिता आलं असतं, ते पाहू. खालच्या नोंदी कंपनीच्या कागदांतल्या नाहीत. जाहीर अहवालांतली माहिती घेऊन मी त्या इतिवृत्ताच्या साच्यात मांडल्या आहेत.

पहिला भाग घटनाक्रमाचा.

८ मार्च २०१७ : अपाची स्ट्रट्स या सॉफ्टवेअरमधल्या CVE-2017-5638 या त्रुटीची सूचना अमेरिकी सरकारच्या यूएस-सर्ट पथकाकडून कंपनीला मिळाली. पॅच त्याआधीच उपलब्ध झाला होता.

९ मार्च : कंपनीच्या धोका-व्यवस्थापन गटाने चारशेहून अधिक जणांच्या यादीला ई-मेल पाठवला. जिथे स्ट्रट्स असेल तिथे ४८ तासांत पॅच लावावा, असं त्यात म्हटलं होतं.

१० मार्च : ही त्रुटी वापरून बाहेरच्या कुणीतरी ग्राहकांच्या तक्रारींच्या पोर्टलच्या सर्व्हरवर `whoami` ही कमांड चालवली.

१५ मार्च : सुरक्षा गटाने स्कॅन केला. या पोर्टलवर त्रुटी आढळली नाही.

१३ मे : हल्लेखोर पोर्टलमधून आत शिरले.

२९ जुलै : जाळ्यावरून जाणाऱ्या माहितीची तपासणी करणाऱ्या उपकरणाचं मुदत संपलेलं प्रमाणपत्र बदललं. लगेच संशयास्पद वाहतूक दिसली.

३० जुलै : पोर्टल बंद केलं.

७ सप्टेंबर : घटना जाहीर केली.

या नोंदींत कुणाचंही नाव नाही, तरी कुणी काय केलं हे लपवलेलंही नाही. ई-मेल कोणत्या गटाने पाठवला आणि स्कॅन कोणत्या गटाने केला, ते स्पष्ट लिहिलं आहे. दोष टाळायचा म्हणून ‘सूचना देण्यात आली’, ‘पॅच लावला गेला नाही’ अशी कर्ता गायब केलेली वाक्यं लिहायची सवय सरकारी आणि खासगी अशा दोन्ही कार्यालयांत आहे. त्यातून कुणाचं रक्षण होत नाही आणि कुणाला काही कळतही नाही. नावाच्या जागी भूमिका लिहावी : सुरक्षा गट, पोर्टलचा डेव्हलपर, रात्रपाळीचा ऑपरेटर. माणूस बदलतो, भूमिका राहते, आणि सुधारायचं काम त्या भूमिकेभोवतीच असतं.

१० मार्चची नोंद पुन्हा पाहा. `whoami` म्हणजे ‘मी कोण?’ सर्व्हरवर आपण कोणत्या वापरकर्त्याच्या अधिकाराने काम करतोय, हे ती कमांड सांगते. दार उघडं आहे का, हे चाचपणारा माणूस सहसा हीच कमांड पहिली चालवतो. सूचनेचा ई-मेल गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी हे घडलं. नुसती यादी वाचणाऱ्याला वाटेल, मार्चमध्येच दार वाजलं होतं, तरी ही मंडळी झोपली होती. पण १० मार्चला हे कंपनीत कुणालाच दिसलं नव्हतं. ऑगस्टमध्ये बाहेरून आणलेल्या मँडियंट या तपास कंपनीने जुने लॉग चाळले, तेव्हा ते सापडलं. म्हणून घटनाक्रमात प्रत्येक ओळीला दोन तारखा लागतात : घडलं कधी आणि आपल्याला कळलं कधी. पहिलीच तारीख लिहिली, तर वाचणारा पुढचं सगळं माहीत असल्यासारखा त्या वेळच्या माणसांना जोखतो. दोन्ही लिहिल्या, की त्यांतलं अंतर उघडं पडतं, आणि बैठकीने ज्यावर खल करायचा ते हेच अंतर असतं. १३ मेचा शिरकाव २९ जुलैला कळला. तोपर्यंत सुमारे ७६ दिवस गेले होते.

आणखी एक काळजी. १० मार्चला चाचपणी करणारे आणि १३ मेला शिरलेले हल्लेखोर एकच होते का? यादीत दोन्ही नोंदी पाठोपाठ आल्या की मन आपोआप ‘तेच ते’ म्हणतं. घटनाक्रमाच्या रकान्यात असा अंदाज घुसू द्यायचा नाही. अंदाज वेगळ्या परिच्छेदात लिहायचा, तो अंदाज असल्याचं सांगायचं आणि कशावरून बांधला तेही द्यायचं.

आधार लिहिणं किती गरजेचं असतं, हे याच प्रकरणात दिसतं. प्रमाणपत्राची मुदत कधीची संपली होती? लेखापरीक्षण कार्यालयाच्या अहवालात ती घुसखोरीच्या सुमारे १० महिने आधी संपल्याचं म्हटलं आहे. प्रतिनिधिगृहाच्या समितीच्या अहवालात उपकरण १९ महिने निष्क्रिय असल्याचा उल्लेख आहे. दोन्ही अहवाल सरकारी, दोन्ही मेहनतीने केलेले, तरी आकडे जुळत नाहीत. आढावा बैठकीत असे दोन आकडे पुढे आले, तर इतिवृत्त लिहिणाऱ्याने मनाने एक निवडू नये. दोन्ही लिहावेत, कोणता कशावरून आला ते सांगावं, आणि कुणी कधीपर्यंत पडताळायचं ते नोंदवावं.

वेळेचीही अशीच फसगत होते. पुण्यातल्या एखाद्या कंपनीत फायरवॉलचं घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर असतं, सर्व्हरचं भारतीय वेळेवर, आणि सपोर्टच्या मुलांचे व्हॉट्सअॅप मेसेज फोनच्या वेळेवर. फायरवॉलच्या लॉगमध्ये ४ तारखेला रात्री ९ वाजून १० मिनिटांनी झालेली नोंद भारतीय वेळेने ५ तारखेच्या पहाटे २ वाजून ४० मिनिटांची असते. हे साडेपाच तास जुळवायचे राहिले, की पहाटे १ वाजता आलेला फोन त्या नोंदीच्या आधीचा असूनही यादीत नंतर दिसतो. मग ‘इशारा येऊन चार तास झाले, तरी फोन का नाही केला?’ असा प्रश्न ज्याने काहीच उशीर केला नाही त्याला विचारला जातो. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांत संगणकांची घड्याळं एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवायला आणि लॉग १८० दिवस जपायला सांगितलं आहे, ते कोरडे तांत्रिक नियम वाटतात. प्रत्यक्षात कुणावर खोटा आळ येऊ नये, याची ती पहिली तजवीज आहे.

पुरावा जपण्याच्या बाबतीतही इक्विफॅक्स कमी पडली. घुसखोरी लक्षात आली त्या तासांत कर्मचारी आपसात चॅटवर बोलत होते. त्या चॅटची नोंद न ठेवण्याची सेटिंग होती, त्यामुळे बरंच बोलणं कायमचं गेलं, असं सिनेट उपसमितीला आढळलं. म्हणून घटना चालू असतानाच एका माणसावर फक्त नोंद ठेवण्याचं काम सोपवावं. त्याने आग विझवायला धावू नये. चॅट, लॉग, स्क्रीनशॉट, फोनच्या वेळा असं सगळं त्याने एका जागी ठेवावं. बैठकीला येताना घटनाक्रमाचा कच्चा मसुदा तयार असला, की बैठकीचा वेळ आठवणींच्या भांडणात जात नाही.

आता कारणाकडे येऊ. इथे इतिवृत्तं सर्वांत जास्त घसरतात. ‘मूळ कारण’ असा एकेरी रकाना असतो, आणि त्यात एकच ओळ भरायचा मोह होतो. या घटनेत खरं तर तीन वेगळे प्रश्न आहेत : हल्लेखोर आत कसे आले, इतके दिवस दिसले का नाहीत, आणि एका पोर्टलमधून इतक्या दूरवर कसे पोचले. तिन्हींची मुळं वेगवेगळी आहेत.

पहिला प्रश्न घेऊ आणि ई-मेलपासूनच सुरुवात करू. पॅच का लागला नाही? पोर्टल सांभाळणाऱ्यांपर्यंत निरोप पोचला नाही. का? या पोर्टलमध्ये स्ट्रट्स आहे हे ज्या डेव्हलपरला ठाऊक होतं, त्याचं नाव ई-मेलच्या यादीतच नव्हतं, असं सिनेट उपसमितीला आढळलं. त्याचा वरिष्ठ यादीत होता. त्याने तो पुढे पाठवला नाही. दोषारोप करणारी बैठक इथे थांबेल. न थांबणारी विचारेल : इतका गंभीर निरोप कुणीतरी पुढे ढकलेल, या भरवशावर का होता? यादी चारशेवर लोकांची आणि नेमका हवा तो माणूस तिच्यात नाही, असं का झालं? उत्तर असं, की कोणत्या सर्व्हरवर कोणतं सॉफ्टवेअर चालतं आणि ते कोण सांभाळतं याची पूर्ण यादी कंपनीपाशी नव्हती. ती नसल्यामुळे निरोप कुणाला द्यायचा हे ठरवता येईना, म्हणून तो सगळ्यांना दिला गेला. चारशे जणांना दिलेलं काम कुणा एकाचं राहत नाही.

पुढचा ‘का’ जास्त बोचरा आहे. पॅच लागला की नाही, हे कुणी तपासत होतं का? २०१५मध्ये कंपनीच्याच अंतर्गत लेखापरीक्षणात न बुजवलेल्या साडेआठ हजार त्रुटी सापडल्या होत्या, आणि पॅच लावण्याचं काम ज्याच्या-त्याच्या शब्दावर विसंबून चालतं, असंही त्यात नोंदवलं होतं. नंतर त्याचा पाठपुरावा करणारं दुसरं लेखापरीक्षण झालंच नाही.

स्कॅनरची गोष्टही तशीच. १५ मार्चच्या स्कॅनला काही सापडलं नाही याचा अर्थ ‘त्रुटी नाही’ असा घेतला गेला. स्कॅन मूळ फोल्डरवर चालवला होता. स्ट्रट्स आतल्या उपफोल्डरमध्ये होतं. स्कॅन चालवणाऱ्याच्या पडद्यावर मात्र स्वच्छ निकाल होता. म्हणून बैठकीत त्याला ‘तुम्ही नीट का नाही पाहिलंत?’ असं विचारून काही हाती लागत नाही. माणूस बचावाला उभा राहतो. ‘त्या वेळी तुम्हाला समोर काय दिसत होतं?’ असं विचारलं, की तो म्हणतो, ‘रिपोर्ट रिकामा आला होता. रिकामा रिपोर्ट म्हणजे सगळं ठीक, असंच आम्ही नेहमी धरतो.’ सुधारायची गोष्ट या ‘नेहमी’मध्ये असते आणि ती घाबरलेल्या माणसाच्या तोंडून कधी निघत नाही. अशी उत्तरं हवी असतील, तर ही बैठक पगारवाढीच्या मूल्यमापनासाठी वापरली जाणार नाही, हे आधीच स्पष्ट करावं लागतं, आणि पुढे पाळावंही लागतं.

दुसरा प्रश्न ७६ दिवसांचा. इंटरनेटवरची बहुतेक माहिती आता गुप्त सांकेतिक रूपात जाते. ती तपासणारं उपकरण टपाल तपासणाऱ्या कारकुनासारखं असतं : पाकीट उघडायची किल्ली, म्हणजे चालू प्रमाणपत्र, असेल तरच आत काय आहे ते त्याला दिसतं. इथे किल्लीची मुदत संपली होती आणि उपकरण पाकिटं न उघडताच पुढे जाऊ देत होतं. प्रतिनिधिगृहाच्या अहवालानुसार कंपनीत मुदत संपलेली अशी किमान ३२४ प्रमाणपत्रं होती. हा आकडा हाती असताना ‘अमुक माणूस नूतनीकरण विसरला’ असं लिहिता येत नाही. तीनशे वेळा एकच माणूस विसरत नाही. मुदतीची आठवण करून देणारी व्यवस्थाच नव्हती, असा त्याचा अर्थ आहे. शिवाय प्रमाणपत्र संपल्यावर उपकरणाने बोंब मारायला हवी होती, ते गप्प राहिलं. म्हणजे मुळं दोन झाली आणि इतिवृत्तात दोन ओळी हव्यात.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात : आत आलेल्यांना एका फाइलमध्ये साध्या मजकुरात ठेवलेली युजरनेम आणि पासवर्ड सापडले. त्यांच्या जोरावर या पोर्टलशी काही संबंध नसलेले ४८ डेटाबेस त्यांना उघडता आले. त्यांनी सुमारे नऊ हजार वेळा शोध घेतला. आतल्या आत भिंती नव्हत्या.

तिन्ही उत्तरं एकत्र ठेवली, की ‘ई-मेल पुढे पाठवला नाही’ या वाक्याचं वजन कळतं. तो ई-मेल पोचला असता तर घटना टळलीही असती. पण उपकरण आंधळं, यादी अपुरी आणि पासवर्ड उघडे राहिलेच असते, पुढच्या त्रुटीची वाट पाहत.

इतिवृत्ताचा तिसरा भाग म्हणजे नेमून दिलेली कामं. इथे नियम उलटा होतो. घटनाक्रमात आणि कारणात माणसाचं नाव येत नाही. कामापुढे मात्र एकाच माणसाचं नाव आलंच पाहिजे. ‘आयटी विभाग’ हे कुणाचं नाव नव्हे, आणि दोन नावं लिहिणं म्हणजे एकही न लिहिणं. हे नाव दोषाचं नसतं. ज्याच्या हातात ती गोष्ट बदलण्याचा अधिकार आणि पैसा आहे, त्याचं ते नाव. अनेक कार्यालयांत नेमकं उलटं होतं. ज्याच्या हातून काही राहिलं त्याच्याच माथी दुरुस्ती मारली जाते, मग त्याला नवं उपकरण घ्यायचा अधिकार नसला तरी चालतो. ती शिक्षाच असते, फक्त सभ्य शब्दांत लिहिलेली.

‘सर्वांनी सुरक्षेचे ई-मेल काळजीपूर्वक वाचावेत’ हे काम नव्हे. ते कधी पूर्ण झालं म्हणायचं, हे कुणालाच सांगता येणार नाही. स्कॅनरबाबत नीट लिहिलेलं काम असं दिसेल : ‘त्रुटी-व्यवस्थापन प्रमुखांनी स्कॅन सर्व उपफोल्डरांत जाईल अशी रचना ३० दिवसांत करावी. पडताळणी : चाचणी सर्व्हरवर तीन पातळ्या आतल्या फोल्डरमध्ये स्ट्रट्सची जुनी, सदोष आवृत्ती मुद्दाम ठेवावी, स्कॅनने ती पकडली, तरच काम पूर्ण. पडताळणी अंतर्गत लेखापरीक्षक करतील.’ त्यात काय करायचं, कुणी, कधीपर्यंत, झालं हे कशावरून ओळखायचं आणि ते ओळखणारा दुसरा कोण, हे सगळं आलं. प्रमाणपत्रांचं कामही असंच : मुदतीच्या ६० दिवस आधी इशारा, आणि परीक्षा म्हणून चाचणी उपकरणावरचं एक प्रमाणपत्र मुद्दाम संपू द्यायचं आणि इशारा वाजतो का ते पाहायचं. ज्याचं काम त्यानेच ‘पूर्ण’ अशी खूण करायची, ही पद्धत २०१५च्या लेखापरीक्षणात दिसलेल्या शब्दावरच्या विश्वासाचीच दुसरी आवृत्ती आहे.

कामं दहापेक्षा जास्त झाली, तर त्यांतली बरीचशी कधीच होणार नाहीत, असं माझं मत आहे. तीन-चार निवडावीत, बाकीची का निवडली नाहीत आणि तो धोका कुणी पत्करला, तेही लिहावं. धोका पत्करणाऱ्याच्या सहीने बैठकीत बऱ्याच गोष्टी सरळ होतात.

कुणालाही दोष न देण्याची पद्धत कुठे लागू होत नाही? जिथे माणसाने जाणूनबुजून चोरी केली, डेटा विकला, पुरावा पुसला, तिथे. असा संशय आला, की आढावा बैठकीने तो विषय थांबवून वेगळ्या चौकशीकडे द्यावा, आणि इतिवृत्तात ‘हा भाग वेगळ्या चौकशीकडे सोपवला’ एवढंच लिहावं. दोन्ही कामं एकाच टेबलावर केली, की निर्दोष माणसंही वकिलाला विचारून बोलायला लागतात. आपल्याकडे डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा २०२३मध्ये झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले. हा भाग लागू झाल्यावर अशी घटना कळल्यापासून ७२ तासांत मंडळाला सविस्तर माहिती द्यावी लागेल. त्यात घटनेची कारणं, केलेले उपाय आणि घटना घडवून आणणाऱ्या व्यक्तीबद्दल काही निष्पन्न झालं असेल तर तेही येतं. सर्ट-इनला तर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचं असतं. सहा तासांत मूळ कारण सापडत नाही, आणि घाईत सापडलेलं मूळ कारण बहुधा एखाद्या माणसाचं नाव असतं. म्हणून पहिल्या कळवण्यात फक्त घटनाक्रम असावा, आणि कारणापुढे ‘तपास चालू’ असं प्रामाणिकपणे लिहावं.

इतिवृत्त बाहेरचा माणूस कधीतरी वाचणार, हे धरूनच लिहावं. कॅपिटल वन बँकेतल्या २०१९च्या चोरीनंतर मँडियंटने केलेला तपास अहवाल गोपनीय असल्याचं बँकेने न्यायालयात सांगितलं. २०२०मध्ये तो ग्राहकांच्या वकिलांना देण्याचा आदेश झाला. याला घाबरून काही कंपन्या असं काही लिहूनच ठेवत नाहीत. पण घडलं ते आधारासह, अंदाज तो अंदाज म्हणून आणि कामं मुदतीसह लिहिलेला कागद न्यायालयातही कंपनीच्या बाजूने बोलतो. ‘अमक्याचा हलगर्जीपणा’ असं रागाच्या भरात लिहिलेलं वाक्य मात्र कंपनीविरुद्धच वाचून दाखवलं जातं.

राहिला पाठपुरावा. इक्विफॅक्सला २०१९मध्ये किमान ५७ कोटी ५० लाख डॉलरची तडजोड मान्य करावी लागली. २०१५च्या लेखापरीक्षणाचा पाठपुरावा त्याच्या तुलनेत फुकटात झाला असता. इतिवृत्ताच्या शेवटच्या ओळीत पुढच्या दोन तारखा असाव्यात, एक ३० दिवसांनंतरची आणि एक ९० दिवसांनंतरची. त्या दिवशी राहिलेली कामं मांडणाऱ्याचं नाव त्यापुढे असावं, आणि ती यादी संचालक मंडळाच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत दाखल झाल्याचा क्रमांकही. मुदत पुढे ढकलायची असेल, तर जुनी तारीख खोडून नवी लिहायची नाही. जुनी तशीच ठेवून तिच्याखाली नवी तारीख आणि तिचं कारण लिहायचं.